डिमेन्शिया झालेलं माणूस घराबाहेर निघून जातं तेव्हा: ठाण्यातल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका आहे. ठाण्यात घरोघरी जाऊन डिमेन्शिया झालेल्या वृद्धांची काळजी घेते आणि त्यांच्या घरच्यांना ती कशी घ्यायची हे शिकवते. पहिल्या भेटीत बहुतेक घरं एकच विचारतात, "ते बाहेर निघून जातात हो, काय करू?" पुढची उत्तरं मी बरीचशी एका घराच्या आधारे देणार आहे. त्या आजोबांना आपण नाना म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते, बहुतेक काळ दुसऱ्या पाळीला. राहायला वर्तकनगरला, कामावर चालत जायचे. तीन वर्षांपूर्वी मुलाकडे घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर आले. घरात पत्नी माई, मुलगा, सून आणि नववीतला नातू. मुलगी ऐरोलीला. मी पहिल्यांदा गेले त्याच्या आठवडाभर आधी नाना दुपारी निघून गेले होते आणि मानपाड्याच्या पुढे हायवेच्या दुभाजकावर उभे सापडले होते.

ते घरातच आहेत, तरी "घरी जायचंय" म्हणतात. कुठलं घर?

बहुतेकदा जुनं घर. कधी लहानपणीचं गावाकडचं, कधी संसार मांडला ते. डिमेन्शियात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त काळ टिकतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी राहायला आले ते घर नानांच्या लेखी घर नव्हतंच. त्यांना ती कुणा पाहुण्याची जागा वाटायची. पाहुण्याच्या घरून संध्याकाळ झाली की माणूस निघतोच.

पण प्रत्येक वेळी पत्ता शोधत बसू नका. पुष्कळदा "घरी जायचंय" याचा अर्थ "मला इथे बरं वाटत नाहीये" एवढाच असतो. लघवीला लागलेली असते, पोट दुखत असतं, टीव्हीचा आवाज सहन होत नसतो, किंवा कंटाळा आलेला असतो. शब्द सापडत नाहीत म्हणून जवळचा शब्द तोंडात येतो. म्हणून आधी शौचालय, पाणी, खाणं आणि दुखणं एवढं तपासा. घराची समजूत नंतर घालता येते.

हे मुद्दाम करतात का? आम्ही पाठ वळवली की बरोबर दार उघडतात.

मुद्दाम नाही. पाठ वळवल्यावरच निघतात असं वाटतं, कारण समोर माणूस असलं की त्यांचं लक्ष त्यात गुंतलेलं असतं. माणूस स्वयंपाकघरात गेलं की खोली रिकामी होते आणि डोळ्यांसमोर फक्त दार, चपला आणि किल्ल्या उरतात. आयुष्यभर या तीन गोष्टी दिसल्या की माणूस बाहेरच पडलेला असतो.

मग कारण शोधायचं कसं?

वहीत लिहून. दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. चौदा दिवस, दाराकडे जाण्याचा प्रत्येक प्रयत्न नोंदवायचा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, काय म्हणाले, अंगावर काय होतं, आणि कशाने थांबले. सूनबाईंना वाटत होतं की नाना "दिवसभर" दाराशी असतात. वहीत चौदा दिवसांत सतरा प्रयत्न निघाले. अकरा पावणेदोन ते अडीचच्या दरम्यान, चार संध्याकाळी सहा ते साडेसात, आणि दोन रात्री.

दुपारच्या अकरा नोंदींत नाना शर्ट घालायचे, पँटच्या खिशाला हात लावून पाकीट चाचपायचे आणि माईंना म्हणायचे, "डबा दे." मी माईंना विचारलं, दुसरी पाळी किती वाजता लागायची? त्या म्हणाल्या, "तीनला. हे दोनच्या ठोक्याला घर सोडायचे." मग माई एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे हे कामाला निघालेत." तीन महिने त्या घरात भांडण चाललं होतं की नाना ऐकत का नाहीत. कामावर निघालेला माणूस ऐकेल कसा?

संध्याकाळचे चार प्रयत्न वेगळे होते. तेव्हा ते अस्वस्थ असायचे, "अंधार पडतोय, घरी जायला हवं" म्हणायचे. दिवस मावळताना गोंधळ वाढणं डिमेन्शियात नेहमी दिसतं. त्याच वेळी नातू शाळेतून, मुलगा ऑफिसमधून, सून भाजी घेऊन अशी घरात एकच गर्दी व्हायची.

रात्रीचे दोन प्रयत्न मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. दोन्ही वेळा नाना लघवीला उठले होते. खोलीतून बाहेर आलं की उजवीकडे बाथरूम आणि डावीकडे मुख्य दार. दोन्ही तपकिरी, दोन्हींना सारखीच कडी. ते चुकीचं दार उघडत होते.

म्हणजे "हिंडणं" या एका शब्दामागे तीन वेगळी कारणं होती आणि तिन्हींना उपाय वेगळा. यातलं एकही कुलपाने सुटणारं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं, या दोन-तीन दिवसांतच अचानक वाढलं. आजार वाढला का?

डिमेन्शिया दोन दिवसांत असा वाढत नाही. अचानक बिघडलं तर दुसरं काहीतरी झालंय असं धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीतला संसर्ग, छातीतला संसर्ग, चार दिवस शौचाला न होणं, अंगातलं पाणी कमी होणं, साखर किंवा सोडियम खालीवर होणं, पडून डोक्याला मार लागणं ही नेहमीची कारणं आहेत. वृद्धांना लघवीच्या संसर्गात ताप येईलच असं नाही, नुसता गोंधळ वाढतो.

आणि औषधं बघा. सर्दीची साधी गोळी, जी आपण कुठल्याही केमिस्टकडून आणतो, तिच्यातल्या क्लोरफेनिरामिनने म्हाताऱ्या माणसाचं भान आणखी हरपू शकतं. झोपेच्या काही गोळ्यांनीही तेच होतं. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. यादी नको, पाकिटंच न्या.

नानांच्या घरी नेमकी काय योजना केली?

दुपारपासून सांगते, कारण तिथे सगळ्यांत जास्त काम झालं.

आम्ही नानांना कामावर जाऊ द्यायचं ठरवलं, फक्त कारखाना घरात आणला. साडेबाराला जेवण. एक वाजता शौचालय, विचारायचं नाही, हात धरून न्यायचं. पावणेदोनच्या आधी, म्हणजे ओढ लागायच्या आधी, माईंनी म्हणायचं, "अहो, पाळीची वेळ झाली." मग शर्ट, खांद्याला जुनी कापडी पिशवी, आणि नातू किंवा मदतनीस ताई यांच्यासोबत लिफ्टने खाली. सोसायटीच्या पोडियमखाली सावलीत दोन फेऱ्या, साधारण वीस मिनिटं. मग वर. हॉलच्या कोपऱ्यात मुलाने टेबल टाकलं होतं. त्यावर एक लांबट वही, तिच्या पुठ्ठ्यावर "हजेरी" लिहिलेलं. नाना खुर्चीत बसायचे, चश्मा पुसायचे आणि रोज सही करायचे. ती सही मी पाहिली आहे. आडनावाखाली लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बँकेत सही जुळत नाही म्हणून सहा महिन्यांपूर्वी त्यांना परत पाठवलं होतं, पण इथे ती न चुकता यायची. त्यानंतर नट-बोल्टचा डबा. मोठे एकीकडे, छोटे एकीकडे, नट आटा बघून बसवायचे. पावणेतीनला चहा.

नट-बोल्ट कुणी तोंडात घालत असेल तर हे करू नका. तिथे कापडाच्या घड्या घालायला द्या, नाहीतर मोठे लाकडी तुकडे. आणि तुमच्या घरी नट-बोल्ट असायलाच हवेत असं नाही. ज्या आजी चाळीस वर्षं मुलांना शाळेतून आणायला बारा वाजता निघत होत्या, त्यांना बारा वाजता काय हातात द्यायचं हे तुम्हालाच ठाऊक असणार.

संध्याकाळसाठी बदल छोटे होते. साडेपाचलाच, अंधार पडायच्या आधी, हॉलचे सगळे दिवे लावायचे आणि पडदे ओढायचे. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की नाना "तो कोण" म्हणून घाबरायचे, ते त्याने थांबलं. सहा वाजता काहीतरी खायला. बातम्यांचा टीव्ही बंद. माई मटार किंवा गवार घेऊन शेजारी बसायच्या आणि दोघं मिळून निवडायची. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली.

रात्रीसाठी बाथरूमचं दार उघडंच ठेवायला सांगितलं, आत मंद दिवा रात्रभर चालू, म्हणजे उठल्यावर भांडं समोर दिसतं. मुख्य दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडला. सहानंतर चहा बंद, झोपताना लघवीला नेणं पक्कं.

पुढच्या चौदा दिवसांत दाराकडे जाण्याचे प्रयत्न सतरावरून पाचवर आले, शून्यावर नाही. दोन दिवस तर नानांनी हजेरीची वही ढकलून दिली. योजना जमली याचा अर्थ एवढाच की घरातल्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली.

दाराशी अडूनच बसले तर काय बोलायचं?

"तुम्ही रिटायर झालात, अठरा वर्षं झाली" हे सांगू नका. खरं असलं तरी त्यांना ते दर वेळी नव्याने कळतं आणि दर वेळी नव्याने लागतं. मी त्यांच्या बाजूला, दाराकडे तोंड करून उभी राहते, समोर आडवी उभी राहत नाही. नानांशी झालेलं बोलणं असं होतं:

"निघालात का नाना?"
"हो, उशीर झालाय."
"आज कुठलं मशीन आहे?"
"लेथ. तो बेल्ट कालपासून घसरतोय."
"मग कठीण आहे. पाणी पिऊन निघा, उन्हाचं."

पाणी प्यायला आत आले, बसले, बेल्टबद्दल दहा मिनिटं बोलले. नाहीच आले तर सरळ त्यांच्याबरोबर खाली जा, एक फेरी मारा आणि "चला, चहा घेऊ" म्हणून वळा. हाताला धरून ओढलं की झटापट होते, आणि झटापटीत पडतात.

दाराला बाहेरून कुलूप लावून गेलं तर चालेल?

माणूस आत एकटं असेल तर कधीच नाही. आग लागली, गॅस गळला, पडले, तर बाहेर यायला वाट नाही आणि आत जायलाही नाही. अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही.

घरात कुणी असताना दार सहज उघडू नये एवढी व्यवस्था मात्र करा. नेहमीच्या उंचीवर नसलेली कडी, अगदी वर किंवा अगदी खाली, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ती आतल्या प्रत्येकाला एका हाताने, अंधारातही उघडता यायला हवी. दाराला चुंबकाचा छोटा सेन्सर लावा, दार उघडलं की वाजतो. तो नसेल तर दाराला घुंगरू बांधा. माईंनी देवघरातली घंटा बांधली होती आणि ती सेन्सरपेक्षा जास्त भरवशाची निघाली, कारण तिची बॅटरी संपत नाही.

चपला, किल्ल्या, पिशवी आणि छत्री दाराजवळून हलवा. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यांत कमी घरी केला जातो. दारापुढे काळी चटई टाका, खड्डा समजून थांबतात, असं काही जण सुचवतात. काहींच्या बाबतीत ते होतंही. मी ते सांगत नाही, कारण त्या "खड्ड्यावरून" उडी मारायला गेलेल्या आजी मी पाहिल्या आहेत.

उंच इमारतीत राहणाऱ्यांनी दाराइतकंच बाल्कनीकडे आणि सरकत्या खिडक्यांकडे बघा. बाहेर जायची वाट शोधणाऱ्याला बाल्कनीही दारच वाटते. तिथे खुर्ची, कुंडी, उलटी बादली असं चढता येईल असं काहीही नको.

जीपीएस घड्याळ घ्यावं का?

घ्या, पण त्याच्याकडून काय मिळत नाही हे समजून घ्या. त्याला बहुतेक वेळा सिमकार्ड लागतं आणि रोज किंवा एक दिवसाआड चार्जिंग लागतं. ते काम कुणाचं हे ठरलेलं नसेल तर हरवायच्या दिवशी ते बंद असणार. लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्ये आणि दाट इमारतींमध्ये जागा चुकीची दाखवतं, मजला तर कळतच नाही. पुष्कळ जण ते काढून टाकतात. हातातल्यापेक्षा ज्यांना पट्ट्याची सवय आहे त्यांच्या कमरपट्ट्यात किंवा आतल्या खिशात शिवलेलं यंत्र टिकतं. सामान शोधायला मिळणारे छोटे टॅग आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात. गर्दीच्या रस्त्यावर त्यांचा उपयोग होतो, ओसाड जागी होत नाही.

आजार सुरुवातीचा असेल तर त्यांना विचारून घ्या. "तुम्ही रस्ता चुकलात तर मला येऊन घेऊन जाता यावं म्हणून" असं सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात. तेव्हा मिळालेली परवानगी पुढे घरच्यांच्या मनाला फार आधार देते.

यंत्र असो-नसो, कपड्यांवर पट्टी शिवा. प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत आणि लेंग्याच्या नाडीजवळ कापडी पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने नाव, "विसरतात, कृपया फोन करा", आणि दोन मोबाइल नंबर. पत्ता लिहू नका. नानांना दुभाजकावरून बाजूला घेतलेल्या रिक्षावाल्या दादांकडे फोन करायला नंबरच नव्हता. त्यांनी नानांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि घरचे शोधत येईपर्यंत स्वतःचा धंदा सोडून तास-दीड तास थांबले. ते दर वेळी भेटतीलच असं नाही.

सोसायटीत सांगायची लाज वाटते. सांगायलाच हवं का?

हो. मला हा संकोच समजतो. "सासऱ्यांना वेड लागलंय" असं कुणी म्हणेल या भीतीने त्या घराने दीड वर्ष काही सांगितलं नव्हतं. नाना पहिल्यांदा गेले तेव्हा वॉचमनने त्यांना सलाम करून गेट उघडून दिलं होतं. त्याचं काय चुकलं?

सेक्रेटरींना भेटा आणि गेटवरच्या केबिनमध्ये फोटो लावायची परवानगी घ्या. फोटोखाली आजाराचं नाव लिहायची गरज नाही. "हे आजोबा एकटे बाहेर जाताना दिसले तर बोलण्यात गुंतवा आणि या नंबरवर फोन करा" एवढं पुरे. "अडवा" असं लिहू नका, वॉचमन दंड धरतात आणि झटापट होते. तिन्ही पाळ्यांच्या वॉचमनना स्वतः जाऊन सांगा, आणि एजन्सी माणसं बदलते म्हणून दर महिन्याला पुन्हा सांगा. समोरचा केमिस्ट, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड, या सगळ्यांकडे नंबर द्या. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलेली माणसं हीच.

निघूनच गेले. पहिल्या तासात काय करायचं?

हे आत्ताच कागदावर लिहून फ्रिजवर लावा, त्या वेळी डोकं चालत नाही.

पहिली पंधरा मिनिटं इमारतीत शोधा. बाथरूम, पलंगामागची जागा, बाल्कनी, मग जिना, वरचे-खालचे मजले, गच्ची, रेफ्यूज फ्लोअर, पंपरूम, पार्किंगमधल्या गाड्यांच्या मधली जागा. लिफ्टमध्ये शिरून कुठलंही बटण दाबलं जातं, म्हणून आपला मजला सोडून इतरत्र बघणं महत्त्वाचं. त्याच वेळी दुसऱ्या कुणी गेटवरचा सीसीटीव्ही बघावा, निघाल्याची वेळ आणि दिशा मिळते. एक माणूस घरीच थांबावं, कारण ते परतही येतात.

पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर ११२ला फोन करा आणि एकाने जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हरवल्याची नोंद करावी. चोवीस तास थांबावं लागतं असा कुठलाही नियम नाही. कुणी तसं म्हणालं तर शांतपणे सांगा की डिमेन्शियाचे रुग्ण आहेत, जिवाला धोका आहे, आत्ताच नोंद हवी. अलीकडचा चेहऱ्याचा आणि पूर्ण उंचीचा फोटो, आज काय घातलंय, कोणती भाषा बोलतात, हाक कोणत्या नावाने मारल्यावर वळतात, कोणती औषधं चालू आहेत, एवढं एका पानावर तयार हवं. नानांच्या घरी सून रोज सकाळी त्यांचा एक फोटो काढते. आज कुठला शर्ट आहे, हा प्रश्नच येत नाही.

शोधायचं कुठे? आधी जिथे जीव जाऊ शकतो तिथे: पाणी आणि मोठा रस्ता. ठाण्यात तलाव आणि खाडीचा काठ, घोडबंदर रोडसारखे हायवे, नवी मुंबईत सेक्टरांच्या कडेचे धारण तलाव आणि पाम बीच रोड. मग जुन्या वाटा: जुनं घर, जुनी नोकरी, नेहमीचं देऊळ, नेहमीचा बसथांबा. नानांसाठी यादीत पहिलं नाव वागळे इस्टेटच्या रस्त्याचं होतं, दुसरं वर्तकनगरचं. ठाणे स्टेशनला किंवा ट्रान्सहार्बर मार्गावरच्या एखाद्या स्टेशनला गेले असण्याची शंका असेल तर रेल्वेच्या १३९ वर कळवा.

आणि एक गोष्ट शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगा: हाक मारून ओ मिळेल अशी अपेक्षा धरू नका. डिमेन्शियाची माणसं पुष्कळदा दहा फुटांवर असूनही ओ देत नाहीत. वाट संपेपर्यंत सरळ चालत राहतात आणि मग झुडपात, कंपाउंडच्या कोपऱ्यात, उभ्या टेम्पोमागे अडकून बसतात. म्हणून गाडीतून हाका मारत जाण्यापेक्षा पायी चालत, वाकून बघत शोधलेलं बरं.

व्हॉट्सअॅपवर फोटो टाका, पण घरचा पत्ता नको. "सापडलेत, आधी पैसे पाठवा" असे फोन येतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर माणूस दाखवायला सांगा आणि पोलिसांना कळवा.

सापडल्यावर?

रागवायचं नाही. तुम्ही दोन तास मरणाच्या भीतीत होता हे खरं, पण ते कशाबद्दल बोलताय हे त्यांना कळणार नाही, फक्त तुमचा चेहरा कळेल. पाणी द्या. पायाचे तळवे बघा, मे महिन्याच्या डांबराने फोड येतात. डोकं, कोपर, खुबा चाचपा. मधुमेह असेल तर साखर तपासा. डोक्याला मार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर थेट रुग्णालयात न्या. पोलिसांना आणि ग्रुपवर "सापडले" कळवा, फोटो काढून टाकायला सांगा. मग वही उघडा आणि कुठे सापडले ते लिहा. पुढच्या वेळी यादीत ते पहिलं नाव.

एखादी गोळी देऊन हे थांबवता येत नाही का?

हिंडणं थांबवणारी गोळी नाही. डोनेपेझिलसारखी औषधं स्मृतीसाठी थोडी मदत करतात, या सवयीसाठी नाही. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधं काही वेळा लागतात, रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, भास होऊन फार घाबरत असेल तेव्हा. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, पडण्याचाही. शिवाय त्यांतल्या काहींनी पायांत अशी अस्वस्थता येते की माणूस बसूच शकत नाही, म्हणजे येरझाऱ्या उलट वाढतात. औषध सुरू केल्यावर चालणं वाढलं तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. आणि चालू असलेलं औषध मनानेच बंद करू नका.

घरातली कामं वाटायची कशी? सगळं माझ्यावरच येतं.

हा प्रश्न मला जवळजवळ नेहमी सून किंवा पत्नी विचारते, तीही मला दारापर्यंत सोडायला आल्यावर, हळू आवाजात.

नानांच्या घरी आम्ही रविवारी सगळ्यांना बसवलं, मुलीलाही ऐरोलीहून बोलावलं. "सगळ्यांनी लक्ष द्या" असं ठरलं की कुणीच देत नाही, म्हणून दाराची जबाबदारी तासांनुसार वाटली. दुपारी एक ते तीन मदतनीस ताई, शाळा नसेल तेव्हा तिच्याबरोबर नातू. सहा ते आठ मुलगा. त्यासाठी त्याने आठवड्यातले तीन दिवस घरून काम मागून घेतलं, उरलेले दोन दिवस शेजारचे काका येऊन बसतात. रात्री मुलगा आणि सून आलटून पालटून, त्या रात्री ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं. मुलगी दर शनिवारी सकाळी दहा ते सहा नानांना ठेवून घेते किंवा इथे येते, आणि त्या आठ तासांत सून घरात थांबत नाही. हा नियम मी घातला. घरात थांबली तर ती काम करतेच.

पाळी बदलताना तोंडाने सांगायचं: "बाबा आता तुझ्याकडे." उत्तर यायला हवं: "माझ्याकडे." मुलाला आधी ते नाटकी वाटलं. पण नाना हायवेवर गेले त्या दिवशी माईंना वाटत होतं ताई बघतेय, आणि ताईला वाटत होतं माई बघताहेत.

मदतनीस बदलली तर वही आणि फ्रिजवरचं पान तिला वाचून दाखवा, पहिला दिवस घरचं कुणीतरी सोबत राहा. आणखी मदत कुठे मिळेल हे विचारायला ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा सरकारी क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. तातडीच्या वेळी मात्र ११२च.

लग्नात, गणपतीत नेता येतं का?

येतं, एक माणूस फक्त त्यांच्यासाठी नेमून. तेही नावानिशी, तासाच्या बोलीवर. हॉलच्या दारापासून लांब, भिंतीला टेकून बसवा आणि गर्दी वाढायच्या आत निघा. विसर्जनाच्या मिरवणुकीत नेऊ नका. रात्री अनोळखी घरात मुक्काम असेल तर बाथरूमचा दिवा आणि दाराची घंटा सोबत न्या.

घरी सांभाळणं अशक्य झालं हे कसं ओळखायचं?

सांभाळणाऱ्याची झोप बघा. आठवड्यातून चार-पाच रात्री सलग झोप मिळत नसेल, सांभाळणाऱ्याचा हात उठायला लागला असेल, किंवा सगळं करूनही महिन्यात दोनदा ते बाहेर सापडले असतील, तर निवासी केंद्र बघायची वेळ आली आहे. बघायला जाल तेव्हा जेवणापेक्षा आधी हे विचारा: हिंडणाऱ्या माणसाला फिरायला आत मोकळी जागा आहे का, रात्री किती माणसं जागी असतात, आणि बांधून ठेवता का. शेवटच्या प्रश्नाला "गरज पडली तर" असं उत्तर आलं तर पुढे खोदून विचारा, आणि संध्याकाळी सहा वाजता न सांगता पुन्हा एकदा जाऊन या.

एकदा केलेली योजना किती दिवस चालते?

दर दोन महिन्यांनी, आणि प्रत्येक आजारपणानंतर, पुन्हा चौदा दिवस वही लिहा. नानांची दुपारची पाळी आठ महिने चालली. मग एक दिवस माई म्हणाल्या "पाळीची वेळ झाली" आणि नाना म्हणाले, "आज सुट्टी आहे." दुसऱ्या दिवशीही सुट्टीच. आता ते दुपारी दोन वाजता झोपतात आणि पहाटे चारला उठून गावच्या नदीवर आंघोळीला निघतात. नव्या वहीत पहिल्या आठवड्यात सहा नोंदी झाल्या आहेत, सगळ्या चार ते पाचमधल्या. मुलाने गिझरचं बटण पावणेचारला लावायला सुरुवात केली आहे, आणि पडदा पुन्हा धुऊन दारावर चढला आहे.